मुतखड्याचं ऑपरेशन: एकूण टक्का पाहावा की गटवार?

सांगली जिल्ह्यात मुतखडा फार त्रास देऊ लागला की लोक मिरज गाठतात, आणि निघण्याआधीच घरात चर्चा सुरू होते: यश जास्त कुठे, कुठल्या पद्धतीत? विचारणं योग्यच आहे. पण उत्तरादाखल एकच टक्का हातात आला, तर तो कधीकधी नेमका उलटा रस्ता दाखवतो. हे कसं घडतं, ते एका जुन्या खऱ्या आकडेवारीतून नीट कळतं.

१९८६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनमधल्या मुतखड्याच्या रुग्णांची आकडेवारी छापून आली. त्यातल्या दोन पद्धती इथे घेऊ: चिरा देऊन केलेलं जुनं ऑपरेशन, आणि पाठीला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढणं, म्हणजे पीसीएनएल. दोन्हींत ३५०-३५० रुग्ण होते.

| खडा | चिरा देऊन | दुर्बिणीने |
|---|---|---|
| लहान (२ सेंमीपेक्षा कमी) | ८७ पैकी ८१ यशस्वी (९३%) | २७० पैकी २३४ यशस्वी (८७%) |
| मोठा | २६३ पैकी १९२ यशस्वी (७३%) | ८० पैकी ५५ यशस्वी (६९%) |
| एकूण | ३५० पैकी २७३ यशस्वी (७८%) | ३५० पैकी २८९ यशस्वी (८३%) |

शेवटची ओळ वाचली तर दुर्बीण सरस. वरच्या दोन ओळी वाचल्या तर लहान खड्यातही चिरा पुढे आणि मोठ्या खड्यातही चिराच पुढे. बेरजेत कुठेही चूक नाही, हवं तर स्वतः करून पाहा. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

कारण रुग्णांच्या वाटणीत आहे. मोठा खडा कुठल्याही पद्धतीने काढायला अवघड. चिऱ्याच्या ३५० रुग्णांत असे अवघड २६३ होते, दुर्बिणीच्या ३५० मध्ये फक्त ८०. म्हणजे दुर्बिणीच्या वाट्याला बहुतेक सोपे रुग्ण आले आणि तिचा एकूण टक्का त्यामुळे वर गेला. दोन्ही पद्धतींना सारखेच रुग्ण मिळाले असते तर? सगळे मिळून लहान खड्याचे ३५७ आणि मोठ्याचे ३४३ रुग्ण होते. हे सातशेच्या सातशे आधी एका पद्धतीकडे, मग दुसरीकडे गेले असं धरून प्रत्येक गटाचा टक्का लावला, की चिऱ्याचं यश सुमारे ८३ टक्के येतं आणि दुर्बिणीचं ७८. आकडे तेच, जागा बदलल्या.

मिरजेतल्या दोन दवाखान्यांची तुलना करतानाही हेच लागू पडतं. जत, आटपाडीकडून अडलेल्या केसेस ज्या दवाखान्यात पाठवल्या जातात, तिथला एकूण टक्का सर्जनचा हात उत्तम असूनही खाली दिसू शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सोनोग्राफीत तुमचा खडा १४ एमएमचा निघाला असेल, तर तुमच्यासाठी लहान खड्याची ओळ खरी, एकूण टक्का बाजूला ठेवा.

मात्र दिसेल त्या गोष्टीवरून गट पाडू नयेत. खड्याचा आकार ऑपरेशनच्या आधी ठरलेला असतो आणि कोणती पद्धत घ्यायची यावरही त्याचा परिणाम होतो, म्हणून त्यावरून गट पाडणं रास्त. ‘ऑपरेशननंतर रक्त द्यावं लागलेले’ आणि ‘न लागलेले’ असे गट पाडले तर गोष्ट वेगळी. रक्त लागणं हा पद्धतीचाच परिणाम असू शकतो, आणि त्यावरून गट पाडले की त्या पद्धतीचा दोष तुलनेतून निघून जातो. तिथे एकूण आकडाच जास्त प्रामाणिक.

वरच्या तक्त्यावरून ‘चिराच चांगला’ असं ठरवू नका, हेही सांगायला हवं. गटांतला फरक चार ते सहा टक्क्यांचा आहे आणि मोठ्या खड्याचे दुर्बिणीचे रुग्ण जेमतेम ८०. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. शिवाय चिऱ्याचे रुग्ण १९७२ ते १९८० मधले, दुर्बिणीचे १९८० ते १९८५ मधले, म्हणजे ती पद्धत नवी असतानाचे. पुढे तंत्र खूप सुधारलं. आणि यश हे काही एकच माप नव्हे. वेदना, दवाखान्यातले दिवस, कामावर परतणं हेही निर्णयात धरावं लागतं.

डॉक्टरांना विचारताना प्रश्न असा ठेवा: “माझ्याएवढा खडा असलेल्या किती जणांचं ऑपरेशन तुम्ही केलंत, आणि त्यातल्या किती जणांचा खडा पूर्ण निघाला?” दोन्ही संख्या मागा, नुसता टक्का नको. दहापैकी नऊ आणि दोनशेपैकी एकशे ऐंशी, दोन्ही नव्वद टक्केच. पण पहिल्यात एक रुग्ण इकडचा तिकडे झाला की टक्का दहाने हलतो, दुसऱ्यात अर्ध्याने.