दूध-किराण्याचं ॲप, दोनदा कापलेले पैसे आणि त्यानंतर आलेला माफीचा मेसेज

आमच्याकडे पुण्यात दूध, दही, ब्रेड आणि वरचा किराणा गेले काही महिने एका ॲपवरून येतो. एक दिवसाआड ऑर्डर, पहाटे पिशवी दाराला. दूध ताजं असतं, पिशव्या फुटलेल्या क्वचित येतात, भाजी मात्र मी तिथून घेत नाही. माल इतर ठिकाणीही असाच मिळतो, म्हणून त्याबद्दल एवढंच. मला लिहायचंय ते मध्यंतरी झालेल्या गोंधळाबद्दल आणि त्यावर कंपनीने पाठवलेल्या मेसेजबद्दल. ही सेवा मी अजून वापरते, याचं मोठं कारण तो मेसेज आहे.

इथे पैसे देण्याची पद्धत अशी: ॲपच्या वॉलेटमध्ये आधी रक्कम भरून ठेवायची. रात्री ऑर्डर पक्की झाली की त्यातून पैसे वजा होतात. शिल्लक 100 रुपयांच्या खाली गेली की UPI ऑटोपेमधून 500 रुपये आपोआप भरले जातात. म्हणजे रोज पिन टाकावा लागत नाही. सोय आहे, पण जोखीमही तिथेच आहे. पिन किंवा ओटीपी टाकून पैसे देणाऱ्याकडून दुसऱ्यांदा रक्कम घ्यायची तर त्याला पुन्हा विचारावं लागतं. वॉलेटमधून कापताना कोणालाच विचारावं लागत नाही.

एका बुधवारी सकाळी वॉलेटचा हिशेब उघडला तर एकाच ऑर्डर क्रमांकापुढे 164 रुपये दोनदा वजा झालेले. दोन नोंदींत चार मिनिटांचं अंतर. पिशवी एकच आली होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणखी काही जणांनी तसेच स्क्रीनशॉट टाकले. शेजारचे काका बँकेत जायला निघाले होते, कारण त्यांना पासबुकात काहीच दिसत नव्हतं. दिसणारही नव्हतं. पैसे वॉलेटमधून गेले होते, बँकेला त्याचा पत्ताच नव्हता.

संध्याकाळी ॲपमध्ये आणि व्हॉट्सॲपवर मराठीत मेसेज आला. सुरुवातच अशी होती: ‘काल रात्री तुमच्या एका ऑर्डरचे पैसे आम्ही दोनदा कापले. चूक आमची आहे.’ खाली माझा ऑर्डर क्रमांक, दोन्ही नोंदींच्या वेळा आणि परत येणारी रक्कम. ‘काही ग्राहकांना अडचण आली असण्याची शक्यता आहे’ असलं मोघम काही नव्हतं. तो फक्त ज्यांचे पैसे कापले गेले त्यांनाच आला होता, त्यामुळे बाकीच्यांनी उगाच घाबरून हिशेब तपासायची गरज उरली नाही.

कारणही सरळ सांगितलं होतं. रात्री त्यांचा मुख्य डेटाबेस मंदावला. पैसे वजा झाल्याची नोंद त्यात झाली, पण ‘झालं’ हे उत्तर वेळेत परत आलं नाही. उत्तर न आल्याने यंत्रणेने काही मिनिटांनी तेच काम पुन्हा करायला घेतलं. पुन्हा करण्याआधी ‘हे आधी झालंय का’ असं तिने तपासलंही, पण मुख्य डेटाबेसमध्ये नाही, तर वाचण्यासाठी ठेवलेल्या त्याच्या प्रतीत. मुख्य डेटाबेस मंदावला की ही प्रत मागे पडते. पहिली नोंद तिथे अजून पोचलीच नव्हती, म्हणून दुसरी वजावट झाली.

मी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे हा प्रकार मला ओळखीचा आहे. पैशाच्या बाबतीत ‘आधी वाचून बघू, नसेल तर लिहू’ ही पद्धत पुरेशी नसते. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट राहते. मुख्य डेटाबेसनेच एका ऑर्डरची दुसरी वजावट नाकारली पाहिजे. तो नियम एका ओळीचा आहे:

```
ALTER TABLE charges ADD UNIQUE (order_id);
```

मग यंत्रणेने तेच काम कितीदाही केलं तरी दुसरी नोंद बसतच नाही. कंपनीने मेसेजमध्ये कोड दिला नव्हता, पण ‘एका ऑर्डरवर आता एकच वजावट नोंदवता येईल, दुसरी डेटाबेसच नाकारेल’ असं लिहिलं होतं. ‘योग्य ती उपाययोजना केली आहे’ यापेक्षा हे वाक्य मला कितीतरी जास्त पटलं, कारण ते खरं की खोटं हे पुढे तपासता येतं.

परताव्याबद्दल: रक्कम गुरुवारी दुपारपर्यंत वॉलेटमध्ये, काहीही अर्ज न करता. कूपन नाही, पॉइंट नाहीत. आणि ठळक अक्षरांत, ‘परताव्यासाठी आम्ही ओटीपी, UPI पिन मागणार नाही, लिंक पाठवणार नाही.’ हे फार गरजेचं होतं. अशा गोंधळानंतर ‘रिफंड विभागातून बोलतोय’ म्हणणारे फोन येतात, आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही हे अजून अनेकांना माहीत नसतं. गुरुवारी दुपारी 164 रुपये खरंच जमा झाले.

पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली होती. माझ्या वॉलेटमध्ये आधी 340 रुपये होते. एकदाच कापले असते तर 176 उरले असते. दोनदा कापल्यामुळे उरले 12, म्हणजे 100 च्या खाली, म्हणून ऑटोपे सुरू झालं. ऑटोपेमध्ये रक्कम घेण्याच्या निदान 24 तास आधी सूचना द्यावी लागते, त्यामुळे बुधवारी सकाळी 500 रुपयांची सूचना आली आणि गुरुवारी ते बँकेतून गेले. परताव्यानंतर वॉलेटमध्ये 676. कंपनीच्या लेखी हिशेब जुळला. माझ्या बँकेतून मात्र 500 रुपये विनाकारण गेले होते. मेसेज बुधवारी संध्याकाळी लिहिताना ती वसुली थांबवायला त्यांच्या हातात अख्खी रात्र होती. महिनाअखेरीला 500 रुपये ही काही घरांत मोठी रक्कम असते.

मी तक्रार केली. पहिलं उत्तर आलं, ‘रक्कम तुमच्या वॉलेटमध्ये सुरक्षित आहे.’ मी वरचा हिशेब चार ओळींत लिहून ‘ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करा’ एवढंच मागितलं. मग मान्य झालं, आणि पुढच्या आठवड्यात पैसे बँकेत आले. सोबत 12 अंकी UTR क्रमांक दिला होता, तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये जुळला.

ग्रुपवर कोणीतरी रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाचा दाखला देत होतं: दुकानाला UPI ने दिलेले पैसे अडकले तर पाच दिवसांत परत, पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. तो नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे खात्यातून गेले पण दुकानाला पोचले नाहीत अशांसाठी. इथे दोन्ही वजावटी यशस्वी होत्या, आणि ऑटोपेही यशस्वी. असे पैसे बँकेकडून आपोआप उलटत नाहीत, विक्रेत्यानेच परत पाठवावे लागतात. म्हणून तक्रार आधी कंपनीकडेच करावी.

त्यानंतरच्या महिन्यांत डेटाबेस आणखी एकदा मंदावला. ॲप बराच वेळ ‘प्रक्रिया सुरू आहे’ दाखवत होतं, पण वजावट एकच झाली. ऑटोपेच्या जादा वसुलीबद्दल मात्र सगळ्यांना वेगळा मेसेज अजून गेलेला नाही, आणि त्यासाठी मी एक तारा कापते. पाचपैकी चार. तुमच्याकडेही त्या रात्री दोनदा वजावट झाली असेल, तर वॉलेटचा हिशेब आणि त्याच आठवड्याचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून बघा. लगेच पुढे ऑटोपेची नोंद असेल, तर ती रक्कम बँकेत परत मागा. मागितल्यावर देतात.