साध्या लंबकाचे जर्नल: मॅन्युअलवरून उतरवलेले आणि स्वतः लिहिलेले

साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण काढण्याच्या प्रयोगाचे जर्नल मॅन्युअलवरून उतरवावे की स्वतःच्या शब्दांत लिहावे, असा प्रश्न नाशिकच्या विद्यार्थ्यापुढे असेल, तर दोन्हींतील खरा फरक कृतीच्या परिच्छेदात शोधू नये. कृती सर्वांची सारखीच असते आणि ती उतरवण्यात फारसे बिघडत नाही. फरक पडतो तो निरीक्षणांपासून पुढे.

एक उदाहरण घेऊ. २ सेंटिमीटर व्यासाचा गोळा आहे आणि विद्यार्थ्याने लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता फक्त दोरा मोजला आहे. दोरा २४ सेंटिमीटर असताना २० दोलनांना २०.१ सेकंद लागले आणि ९९ सेंटिमीटर असताना ४०.२ सेकंद. T = 2π√(L/g) या सूत्रात हे आकडे घातले की g ची मूल्ये अनुक्रमे ९.३८ आणि ९.६७ येतात. उतरवलेल्या जर्नलमध्ये यांची सरासरी ९.५च्या आसपास लिहिली जाते आणि फरकाचे कारण म्हणून ‘हवेचा रोध’ हे मॅन्युअलमधले वाक्य येते. काही वेळा तर आकडेच ९.८१ला जुळवले जातात, आणि मग चूक सापडण्याचा मार्गही बंद होतो.

समजून लिहिणारा विद्यार्थी मात्र सरासरी काढण्याआधी थांबतो, कारण लांबी वाढते तसे g वाढताना दिसते आणि तसे होण्याचे काहीच कारण नाही. तो T² आणि दोऱ्याची लांबी यांचा आलेख काढतो. रेषा आरंभबिंदूतून जात नाही, लांबीच्या अक्षाला ती उणे १ सेंटिमीटरवर छेदते. म्हणजे प्रत्येक मापात गोळ्याची त्रिज्या राहून गेली आहे. सर्व मापांत तेवढीच चूक असल्यामुळे रेषेचा चढ मात्र बदलत नाही, आणि त्यावरून g ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळतो. माझ्या मते हा एक परिच्छेद कृतीच्या दोन पानांपेक्षा मोलाचा आहे.

वेळ कमी असेल तर कृती चार ओळींत आटोपावी, पण आलेख सोडू नये. दोन बिंदूंवरून रेषा सरळ आहे की नाही हे कळत नाही, म्हणून निदान पाच लांबी घ्याव्यात.

निष्कर्षात ९.८१शी तुलना करण्याची पद्धतही तपासून पाहावी. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील अपेक्षित मूल्य ९.७८ ते ९.७९च्या दरम्यान येते. तरीही ९.७७ मिळाले म्हणून ९.८१ चुकीचे ठरले, असे लिहिता येत नाही. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदाचा फरक पडला, तरी ४० सेकंदांत तो अर्धा टक्का होतो, T चा वर्ग घेताना दुप्पट होतो आणि g मध्ये सुमारे ०.१ची अनिश्चितता आणतो. म्हणून निकाल ९.८ ± ०.१ असाच लिहावा.