लग्नाच्या विम्यासाठी पाठवलेली मेल आणि हाती आलेली बनावट पॉलिसी

सांगलीतल्या एका इव्हेंटवाल्याने डिसेंबरमधल्या लग्नासाठी रद्द झाल्यास भरपाईचं कव्हर मागणारी मेल नेटवर सापडलेल्या चार-पाच पत्त्यांवर एकदमच पाठवली. मिरज रोडवरचं लॉन, दोन दिवसांचा कार्यक्रम, 1200 पानं, बजेट 22 लाख, वधूपित्याचा मोबाइल, शिवाय लॉनच्या अ‍ॅडव्हान्सची पावतीही जोडलेली. तासाभरात एका 'विमा सल्लागारा'चं उत्तर आलं: 22 लाखांचं पूर्ण कव्हर, 12,500 रुपये सगळं धरून, आज संध्याकाळपर्यंत भरा.

खोट तिथेच दिसायला हवी होती, कारण समोरच्याने एकही प्रश्न विचारला नाही. हा विमा प्रत्यक्ष बुडालेल्या खर्चाचा असतो. त्यामुळे खरी कंपनी खर्चाची फोड मागते: लॉन, केटरर, मंडप, पत्रिका यांना किती दिले आणि कार्यक्रम रद्द झाला तर त्यातले किती परत मिळतात? जागा उघडी की छताची, हेही विचारते. उघड्या लॉनवरचा पाऊस मूळ कव्हरमध्ये धरलेला नसेल तर तो जादा प्रीमियम भरून घ्यावा लागतो. नवरा-नवरीचं मन बदललं तर सहसा काही मिळत नाही. इथे मात्र 'कोणत्याही कारणाने' असं बिनधास्त लिहिलेलं.

दुसरी खूण पैशांची. विमा कायद्याच्या कलम 64VB प्रमाणे प्रीमियम आधी जमा झाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही, म्हणून घाई खरी वाटते. पण तो प्रीमियम कंपनीच्या नावावर जातो. यूपीआयवर एखाद्या माणसाचं नाव उमटलं की हात आखडता घ्यावा. पावतीवर 18 टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला असतो. 10,000 चा प्रीमियम असेल तर एकूण 11,800. 'सगळं धरून' म्हणणाऱ्याकडे तो हिशेबच नव्हता.

आलेली पीडीएफ अगदी हुबेहूब होती, लोगोसकट. पॉलिसी क्रमांक पडताळायचा तो कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या फोनवर. पीडीएफवर छापलेला नंबर त्याच भामट्याचा असतो. ब्रोकर असेल तर त्याचं नाव विमा नियामक आयआरडीएआयच्या यादीत शोधायचं.

खरा फटका पुढे बसला. आठवड्याने वधूपित्याला मेसेज गेला: 'लॉनचं खातं बदललंय, उरलेले दीड लाख इथे टाका.' खाली पावतीचा बरोबर क्रमांक. तो त्याच मेलमधून गेलेला, त्यामुळे त्यांना संशयच आला नाही.

म्हणून पहिल्या मेलमध्ये शहर, महिना, जागा उघडी की बंदिस्त, पाहुण्यांचा अंदाज आणि खर्चाचा ढोबळ आकडा एवढंच द्यावं. नावं, नेमकी तारीख आणि पावत्या पडताळणी झाल्यावर प्रपोजल फॉर्मसोबत द्याव्यात. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावायचा आणि लॉनवाला, केटरर, दोन्ही घरं यांना त्याच दिवशी कळवायचं: खातं बदलल्याचा कुठलाही मेसेज आला तर आधी प्रत्यक्ष बोला.