ट्रेड जर्नल: वही की शीट?

शेअरच्या ट्रेडची नोंद ठेवण्यात कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर अर्धे वहीवाले, अर्धे एक्सेल शीटवाले. खर्चाच्या हिशोबात वही मागे पडते. समजा, ५०० ला १०० शेअर इंट्राडे घेऊन ५०१ ला विकले, तर वहीत ‘नफा १००’ एवढंच राहतं. शीटमध्ये संध्याकाळच्या काँट्रॅक्ट नोटवरून आकडे भरले की दोन्ही बाजूंची ब्रोकरेज १५-१५ धरून, एसटीटी साडेबारा, वर जीएसटी वगैरे, मिळून साधारण ५३ जातात आणि हातात ४७ उरतात. चार्टचा स्क्रीनशॉटही शीटलाच जोडता येतो. तो एंट्रीच्या क्षणीच घ्यावा, पुढच्या कँडल दिसायच्या आत.

मनःस्थिती मात्र वहीतच. संध्याकाळी शीट भरताना तोट्यातला ट्रेडही ‘सेटअप होता’ म्हणून खपतो (आपण पुणेकर, कारणं तयारच!). ऑर्डरआधी खरडलेलं ‘मघाचा तोटा भरून काढायचाय’ नंतर बदलता येत नाही.