उद्याची अस्थिरता: साधी सरासरी की घातांकी भारित?

अस्थिरतेचा, म्हणजे बाजार दिवसाला साधारण किती हलेल याचा, कालचा अंदाज 1%, आज बाजार 4% पडला. घातांकी पद्धतीत कालच्या अंदाजाच्या वर्गाला 0.94 आणि आजच्या परताव्याच्या वर्गाला 0.06 भार द्यायचा:

`0.94×1² + 0.06×4² = 1.90`

वर्गमूळ 1.38%, हाच उद्याचा अंदाज. आधी रोज 1% हालचाल होती असे धरले, तर 25 दिवसांच्या वर्गांच्या साध्या सरासरीत 1 जाऊन 16 आले, की अंदाज 1.26% होतो.

खरा फरक पुढे दिसतो. नंतर रोज 1% च हालचाल झाली, तर साधी सरासरी 1.26% वरच अडून राहते आणि तो 4% चा दिवस 25 दिवसांच्या खिडकीबाहेर पडताच, बाजारात काहीही न घडता, धाडकन 1% वर येते. घातांकी पद्धतीत वाढीव भाग साधारण 11 दिवसांत निम्मा होतो. म्हणून मी हीच वापरतो. मात्र दीर्घकालीन पातळीकडे परतण्याची ओढ तिच्यात नाही. महिन्याभराच्या अंदाजाला ती अपुरी पडते.