आठ महिने स्कॅनर अ‍ॅप वापरलं, भांडण मात्र फोटोशीच झालं

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आमचं. शेतकरी गटाचा हिशोब माझ्याकडं आहे. गटातले लोक बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, मी तो या अ‍ॅपमधे घेऊन पीडीएफ करतो. फुकटवालं व्हर्जन वापरतो, वर्षाचे पैसे मागून राहिलेत पण आपण देत नाही. पीडीएफ, कडा कापणं वगैरे सगळ्यांना माहीतच आहे, त्यावर लिहित नाही. माझं भांडण अ‍ॅपच्या एकाच मेसेजशी, "फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा काढा". अबे पण काहून अस्पष्ट आहे, ते कोण सांगन? याच मेसेजपायी जूनमधे दोन स्टार देऊन बसलो होतो.

झालं असं की आमच्या एका काकाजीचं सोयाबीन नीट उगवलं नाही. तालुक्याला तक्रार द्यायची तर बिल पाहिजे आणि त्यावरचा बियाण्याचा लॉट नंबर पाहिजे. कृषी केंद्राचं बिल म्हणजे ती लांबलचक थर्मल पट्टी, दोन फूट, खत बियाणं औषध सगळं एकात. काकाजीनं ते बाजेवर आंथरलं आणि उभ्यानं एकच फोटो काढला, बाजेचे पाय, चप्पल, कोंबडी सगळं आलं, बिल मधात पांढऱ्या रिबिनीसारखं. डीएपीचा भाव 1,350 का 1,850 तेही दिसेना, पण ते तरी आपल्याला माहीत असते. लॉट नंबर अंदाजानं कसा लिहिता, 3 चा 8 झाला की तक्रारच दुसऱ्या थैलीची.

मी लिहिलं, "काकाजी फोटो नीट पाठवा". त्यांनी तोच फोटो परत पाठवला. मग लिहिलं, "क्लिअर पाठवा", तर उन्हात नेऊन काढला, तेवढाच लांबून, वरून त्यांची सावली बिलावर. मी अ‍ॅपवर चिडून राहिलो होतो आणि स्वतः त्याच्यासारखाच मेसेज पाठवून राहिलो होतो, हे लक्षात यायला दोन दिवस लागले.

मग फोटो बोटानं मोठा करून पाहिला आणि हिशोब लावला. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो गेला की दबतो, लांब बाजूला साधारण 1600 ठिपके, म्हणजे पिक्सेल, उरतात. दोन फूट म्हणजे 600 मिलिमीटर, म्हणजे बिलानं वरून खाली पूर्ण फोटो भरला तरी मिलिमीटरला पावणेतीन ठिपके. अक्षर अडीच मिलिमीटरचं, म्हणजे उंचीला सहा-सात ठिपके. काकाजीच्या फोटोत तर बिल अर्ध्याच जागेत, तीन-साडेतीन ठिपक्यात 3 आणि 8 वेगळे कसे दिसतील? एका फोटोत वीतभरच बिल घेतलं, 20 सेंटिमीटर धरा, तर अक्षराला 20 ठिपके मिळतात, तेवढ्यात बरोबर वाचता येते. झूम करून काही होत नाही, नसलेले ठिपके झूममधून निघत नाहीत. म्हणून अ‍ॅपला शिव्या दिल्या त्या अर्ध्या परत घेतो.

मग हा मेसेज टाकला:

"काकाजी, फोटो आला, दुकानाचं नाव अन् तारीख दिसली. बियाण्याच्या ओळीतला लॉट नंबर दिसत नाही, फोटो लांबून आहे म्हणून. बिल टेबलावर सपाट ठेवा, सावलीत, दाराजवळ. एका फोटोत वीतभरच बिल घ्या, तेवढा तुकडा स्क्रीनच्या वरपासून खालपर्यंत भरला पाहिजे. झूम करू नका, मोबाईलच खाली आणा. धूसर दिसलं तर थोडा वर घ्या अन् अक्षरावर बोट टेकवा. पुढच्या फोटोत मागच्या शेवटच्या दोन ओळी पुन्हा येऊ द्या. चार फोटो होतील, वरून खाली क्रमानं पाठवा. बिल जपून ठेवा, उन्हात नका ठेवू."

दोन ओळी पुन्हा घ्यायचं काहून, तर मधली एखादी ओळ सुटली तर कोणाच्या लक्षातच येत नाही, बेरीज जुळत नाही तेव्हा कळते. दिसलं काय ते आधी लिहिल्यानं काकाजी चिडले नाहीत, नाहीतर "एवढा मोठा फोटो पाठवला अन् दिसत नाही म्हणते" हे ठरलेलंच. ज्यांना जमते त्यांना मी फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून टाकायला सांगतो, तसा तो दबत नाही. पण काकाजीला ते सांगितलं असतं तर संध्याकाळ गेली असती.

अर्ध्या तासात चार फोटो आले. लॉट नंबर स्वच्छ, मी तो परत लिहून पाठवला आणि थैलीवरच्या लेबलशी जुळवायला सांगितला, जुळला. एक गोष्ट मात्र राहते, थर्मलची छपाई उडाली असेल तर जवळून काढूनही काही होत नाही. तिथं दुकानातून दुसरी प्रत मागायची, दुसऱ्यांदा फोटो मागत बसायचं नाही.

आता स्टार तीन केले. अ‍ॅपनं नुसतं "जवळून काढा" एवढं जरी लिहिलं तर चौथा देतो, पैसे तरीबी देणार नाही. चौथ्या फोटोत कोंबडीचा पाय आलाच होता, तो अ‍ॅपनं बरोबर कापला.