एलईडी-फोटोडायोडचा कलरिमीटर: केमिकलच्या प्रॅक्टिकलमध्ये एक सत्र वापरल्यानंतर

वडोदऱ्यातल्या आमच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये तयार डिजिटल कलरिमीटर एकच आहे आणि बॅचमध्ये पोरं वीस. त्यामुळे पावसाळ्यात सत्र सुरू होतानाच एलईडी आणि फोटोडायोड वापरून चार कलरिमीटर बनवून घेतले. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ते जवळजवळ दर आठवड्याला चालले. माझं मत आधीच सांगतो. ॲब्झॉर्बन्स एकच्या खाली असेल तर हे यंत्र बिनदिक्कत वापरावं. एकच्या वर गेलं की ते आकडा दाखवतच राहतं, पण तो खरा नसतो, आणि स्क्रीनकडे बघून ते ओळखता येत नाही.

रचना साधी आहे. एका बाजूला ६६० नॅनोमीटरचा लाल एलईडी, मध्ये एक सेंटिमीटरची क्युवेट, समोर बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड. डायोडचा करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो. तो एमसीपी ६००२ ऑपॲम्प आणि १ मेगओमच्या फीडबॅक रेझिस्टरने व्होल्टेजमध्ये बदलतो, एडीएस १११५ तो मोजतो आणि आर्डुइनो लॅपटॉपवर पाठवतो. एका यंत्राला खर्च दीड हजाराच्या आत आला. फोटोडायोडऐवजी एलडीआर लावून पैसे वाचवायचा मोह टाळावा. फोटोडायोडचा करंट प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढतो, एलडीआरचं तसं नाही, आणि आपलं सगळं गणित त्या सरळ प्रमाणावरच उभं आहे:

```
A = log10((blank - dark) / (sample - dark));
```

`blank` म्हणजे डिस्टिल्ड वॉटरचं रीडिंग आणि `dark` म्हणजे एलईडी बंद करून झाकण लावल्यावरचं. आमच्याकडे ब्लँक ३२०० मिलिव्होल्टच्या आसपास यायचं आणि डार्क ३. डार्क वजा केलं की काम संपलं असं वाटतं, पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

ती अडचण पुढे आली मिथिलीन ब्लूच्या ॲडसॉर्प्शनमध्ये. लिटरला ५० मिलिग्रॅमचं १०० मिलिलिटर द्रावण, त्यात २५ मिलिग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल, भरपूर वेळ हलवायचं, चारकोल खाली बसवायचा आणि वरच्या द्रावणात रंग किती उरला ते मोजायचं. कॅलिब्रेशनला १ ते ५ मिलिग्रॅमची द्रावणं घेतली होती. १ ला ०.१८५, २ ला ०.३६८, ३ ला ०.५४७, ४ ला ०.७२१, ५ ला ०.८८७. ग्राफवर पट्टी ठेवली तर जवळजवळ सरळ रेषा. पण फरक काढून पाहा: ०.१८३, ०.१७९, ०.१७४, ०.१६६. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा थोडी बुटकी आहे. पहिल्या नजरेत हे सुटतं, कारण एक्सेल आर-स्क्वेअर ०.९९ च्या वर दाखवतं आणि पोरं समाधानाने जर्नलमध्ये चिकटवतात.

चारकोलनंतरच्या एका नमुन्याचं रीडिंग आलं १.५०. एका मिलिग्रॅमला ०.१८५ धरून उत्तर निघालं लिटरला ८.१ मिलिग्रॅम. त्याच गटातल्या एका मुलीने नमुना पाचपट पातळ करून पुन्हा मोजला. ०.३६८ आलं, म्हणजे २ मिलिग्रॅम, पाचने गुणून १०. ती विचारत होती, “सर, बाटली एकच, मग खरं कुठलं?” खरं दुसरं. ही कसोटी आता मी प्रत्येक बॅचला करायला लावतो: शंका आली की नमुना निम्मा पातळ करा. ॲब्झॉर्बन्सही निम्मा झाला पाहिजे. निम्म्यापेक्षा जास्त उरला, तर पहिलं रीडिंग यंत्राने दाबलेलं होतं.

आठ की दहा, एवढ्याने काय बिघडतं? चारकोलने धरलेला रंग काढला तर फारसं बिघडलेलं दिसत नाही. १० धरलं तर ग्रॅमला १६० मिलिग्रॅम, ८.१ धरलं तर १६८. पाचच टक्के. पण लँगम्यूरच्या ग्राफमध्ये आपण उरलेली तीव्रता भागिले धरलेला रंग असा आकडा मांडतो. तो एकदा ०.०६२५ येतो आणि एकदा ०.०४८. पाचपट पातळ केलेल्या गटाचे बिंदू रेषेवर बसतात, बाकीच्यांचे वरच्या टोकाला खाली वळतात, आणि मग पोरं “लँगम्यूर लागू पडत नाही” असा निष्कर्ष लिहून मोकळी होतात. चारकोलचा त्यात काही दोष नसतो.

दाबलं जाण्याचं कारण असं. डायोडवर पडणारा सगळा प्रकाश द्रावणातून आलेला नसतो. थोडा क्युवेटच्या प्लास्टिकच्या भिंतीतून सरकतो, थोडा खाचेच्या चकचकीत बाजूंवर आपटून वळसा घालतो. हा प्रकाश फक्त २ टक्के असला तरी पुरतो. पातळ द्रावणातून ६५ टक्के प्रकाश येत असताना वरचे २ जाणवत नाहीत. गडद द्रावणातून सव्वा टक्काच येत असेल, तर त्या २ टक्क्यांनी खरं रीडिंग पार बुडवलं. एलईडी बंद केल्यावर हा प्रकाशही जातो, म्हणून `dark` मध्ये तो कधीच पकडला जात नाही.

तो पकडायची युक्ती सोपी आहे. एलईडी चालू ठेवायचा आणि क्युवेटमध्ये कार्बनची काळी ड्रॉइंगची शाई भरायची. शाईतून काहीच येत नाही, म्हणून जे रीडिंग येतं तो सगळा वळसा घालून आलेला प्रकाश. आमच्या यंत्रात ५५ मिलिव्होल्ट आले. मग शाईऐवजी अतिशय घट्ट मिथिलीन ब्लू भरलं तर ६५. हे वरचे दहा वेगळ्या कारणाचे आहेत. एलईडी एकाच तरंगलांबीचा नसतो, त्याच्या प्रकाशाचं शेपूट ७०० नॅनोमीटरच्या पुढे जातं आणि तिथला प्रकाश मिथिलीन ब्लू फारसा अडवत नाही. दोन रीडिंगमधल्या फरकावरून कळतं की दोष खोक्याचा किती आणि एलईडीचा किती. खोक्याचा सुधारता येतो, एलईडीचा फिल्टर लावल्याशिवाय नाही.

खोक्यासाठी क्युवेटच्या दोन्ही बाजूंना अडीच मिलिमीटरचं भोक पाडलेली काळ्या चार्ट पेपरची पट्टी चिकटवली आणि आतली चकाकी मॅट काळ्या रंगाने मारली. आमच्या लॅबमधल्या काकांनी दोन्ही भोकं एका रेषेत आणण्यासाठी आरपार दाभण घालून पट्ट्या बसवल्या. तिरकी बसली असती तर ब्लँकच अर्धं झालं असतं. प्रकाश तरीही बराच कमी झाला, म्हणून फीडबॅकचा रेझिस्टर २.२ मेगओमचा केला आणि ब्लँक पुन्हा ३००० च्या आसपास आणलं. आता शाईला ५ मिलिव्होल्ट येतात आणि घट्ट रंगाला १४. ५ मिलिग्रॅमचं द्रावण ४.९ दाखवतं, पण १० मिलिग्रॅमचं अजूनही साडेनऊच्या आतच राहतं. म्हणून एकच्या वरचं रीडिंग जर्नलमध्ये घ्यायचं नाही, पातळ करूनच घ्यायचं, हा नियम कायम राहिला.

खालच्या टोकाला वेगळाच त्रास आहे, आणि तो आपल्या गावच्या उन्हाचा. लाल एलईडी तापला की त्याचा प्रकाश उतरतो. आमच्या लॅबमध्ये एसी नाही. मार्चमध्ये सकाळच्या आणि दुपारच्या बॅचमध्ये दहा अंशांचा फरक सहज पडतो. प्रकाश ५ टक्क्यांनी उतरला तर ॲब्झॉर्बन्स ०.०२२ ने खोटा वाढतो. ४ मिलिग्रॅमच्या नमुन्यात हे खपून जातं, अर्ध्या मिलिग्रॅमच्या नमुन्यात तोच पाव भाग होतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर यूएसबीचं व्होल्टेज पडलं तर साध्या रेझिस्टरवर चालणारा एलईडीही तसाच मंदावतो. उपाय एकच: एलईडी दहा मिनिटं आधी चालू ठेवायचा आणि दर तीन-चार नमुन्यांनंतर ब्लँक पुन्हा घ्यायचं. सकाळचं ब्लँक दुपारी वापरलेलं दिसलं की मी ते रीडिंग खोडायला लावतो.

नमुन्याच्या बाबतीत दोन गोष्टी यंत्राच्या माथी मारल्या जातात. चारकोलची बारीक भुकटी द्रावणात तरंगत राहिली तर ती प्रकाश विखुरते आणि यंत्र तिलाही रंगच समजतं. ती काढायला फिल्टर पेपर वापरला तर पेपर स्वतःच मिथिलीन ब्लू धरून ठेवतो, कारण सेल्युलोजला हा रंग चांगला चिकटतो. आम्ही सेंट्रिफ्यूज करतो. दुसरी गोष्ट क्युवेटची. पॉलिस्टायरीनची क्युवेट चार-पाच नमुन्यांत निळसर होते. थोड्या इथेनॉलने धुतली की साफ होते. ॲसिटोन मात्र लावू नये, प्लास्टिकच विरघळतं.

बाकी रसायनांसाठी एलईडी बदलावा लागतो. पोटॅशियम परमँगनेटला ५२५ नॅनोमीटरचा हिरवा, क्रिस्टल व्हायलेटला ५९० चा पिवळा. कॉपर सल्फेट निळं दिसतं म्हणून लाल एलईडी लावायची पद्धत आहे, पण त्याचं शोषण सर्वांत जास्त ८०० नॅनोमीटरच्या आसपास असतं, लालमध्ये फारच थोडं. आम्ही ८५० चा इन्फ्रारेड एलईडी लावला आणि ०.०५ मोलर द्रावणाला अर्ध्याच्या आसपास ॲब्झॉर्बन्स मिळाला. त्या टोकाला बीपीडब्ल्यू ३४ आणखी संवेदनशील असतो. अडचण एवढीच की डोळ्यांना काळी दिसणारी काही प्लास्टिकं आणि रंग इन्फ्रारेडला आरपार असतात. त्यामुळे एलईडी बदलला की शाईची चाचणी पुन्हा करायची, आणि खोकं खिडकीच्या उन्हात ठेवून झाकणासकट डार्कही तपासायचं.